"आई गेल्यापासून दुसऱ्या कोणाशी मराठीत बोलणंच होत नाही" असा मेसेज आला असेल तर आधी हे वाचा

आधी तो मेसेज जसाच्या तसा देतो, कारण कोणाला आला असेल तर तिथल्या तिथे ओळखू यावा.

"हाय (तुमचं नाव), प्रोफाइल बघत बघत तुझ्यापाशी येऊन थांबलो. मी मूळचा अमरावतीचा, आता दुबईत असतो. आई गेल्यापासून दुसऱ्या कोणाशी मराठीत बोलणंच होत नाही. तू लिहिलेलं वाचून बरं वाटलं. वेळ असला तर बोल."

माझ्या मावसबहिणीला, ताईला, हा एका डेटिंग अ‍ॅपवर आला एप्रिलच्या सुरुवातीला. ती नागपूरला धंतोलीत एका लॅबमध्ये काम करते, रोज शंभर माणसं बघते, भोळी अजिबात नाही. पण मावशी जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे "आई गेल्यापासून" हे तिला बरोबर लागलं. नवव्या मेसेजला त्याने व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला, मग तीन आठवडे रोज रात्री बोलणं, मग एक ट्रेडिंगचं अ‍ॅप. पहिले 5,000 टाकले तर चार दिवसांत 6,200 खात्यात परत आले, खरे खरे आले, आणि तिथेच विश्वास बसला. मग 40,000, मग 90,000. काढायला गेली तर म्हणे आधी टॅक्स भरा, त्याचे 32,000. हिशोब केला तर निव्वळ 1,60,800 गेले.

मला तिने सांगितलं पैसे जाऊन अकरा दिवस झाल्यावर. मे महिन्यातली दुपार होती, कुलर चालू होता आणि ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुझ्याच अ‍ॅपवर भेटला होता तो."

मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये एका छोट्या कंपनीत बॅकएंडला आहे, आमचं डेटिंग अ‍ॅप आहे, आणि एकसारखे मेसेज पाठवणाऱ्यांना अडवायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे जो दरवाजा त्याने ओलांडला तो मीच बसवला होता. म्हणून हे दोन्ही बाजूंनी लिहितो आहे, ताईचं काय झालं ते आणि आमच्या सिस्टीममधून तो कसा निसटला ते.

लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार टाकली, व्यवहारांचे यूटीआर नंबर सगळे दिले. एका खात्यात 14,000 होल्ड झाले, बाकीचे तोवर पुढे चार ठिकाणी गेले होते. अकरा दिवसांऐवजी अकरा तासांत फोन गेला असता तर होल्ड होणारी रक्कम नक्की वेगळी असती, म्हणून पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवा आणि आधी फोन करा, घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल.

आता आमची बाजू. आमच्याकडे दोन नियम होते. पहिला, एका अकाउंटवरून तासाला 30 पेक्षा जास्त नव्या मॅचना पहिला मेसेज जाणार नाही, गेला तर सर्व्हर 429 हा एरर कोड देतो आणि अ‍ॅप "थोड्या वेळाने प्रयत्न करा" दाखवतं. दुसरा, हुबेहूब तोच मजकूर एका दिवसात 20 पेक्षा जास्त जणांना गेला तर अकाउंट 24 तास बंद. दुसऱ्या नियमासाठी मजकुराचा हॅश काढायचो, म्हणजे पूर्ण मेसेजचा एक आकडा. एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो, आणि हीच त्याची कमजोरी निघाली.

कंपनीत परवानगी घेऊन मी ताईच्या पहिल्या मेसेजपासून मागे गेलो. मेसेजमधला नाव सोडून एक तुकडा घेऊन डेटाबेसमध्ये शोधलं तर 212 मेसेज सापडले. मग नावं काढली, इमोजी काढले, स्पेस आणि न दिसणारी अक्षरं काढली आणि परत जुळवलं तर 648. नऊ अकाउंट, बारा दिवस, प्रत्येकी 72 मेसेज. म्हणजे एका अकाउंटवरून दिवसाला फक्त सहा! आमची लिमिट तासाला 30, आणि हा माणूस किंवा ही टोळी दिवसाला सहा पाठवून राहिली होती. एकेका अकाउंटकडे बघितलं तर ते एखाद्या लाजाळू मुलाचं वाटावं इतकं शांत. प्रत्येक मेसेजमध्ये समोरच्याचं नाव असल्यामुळे हॅशही प्रत्येक वेळी नवा. दोन्ही नियम एकदाही वाजले नाहीत.

सगळ्यात जास्त झोंबलं ते पुढचं. या मोहिमेच्या आदल्या दिवशी एक दहावं अकाउंट दिसलं, त्यावरून हाच मजकूर नावाशिवाय 20 जणांना गेला आणि 21 वा आम्ही अडवला. अडवताना स्क्रीनवर काय दाखवलं, तर "तुम्ही एकच मेसेज अनेकांना पाठवत आहात". चांगल्या हेतूने लिहिलेलं वाक्य होतं, मीच लिहिलं होतं, पण त्यावरून त्या माणसाला दोन गोष्टी कळल्या, आकडा 20 आहे आणि आम्ही मजकूर मोजतो. दुसऱ्या दिवसापासून मेसेजमध्ये नाव आलं. कुठलंही असं अ‍ॅप बनवत असाल तर कृपा करून अडवण्याचं नेमकं कारण आणि नेमका आकडा स्क्रीनवर दाखवू नका, आणि दर वेळी त्याच आकड्याला अडवूही नका.

नवीन पद्धत बसवताना मराठीची एक गंमतच नाही तर मोठी अडचण समोर आली. "दुसऱ्या" मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ वापरतात, काही साधा र, हलंत आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर. डोळ्याला एकच शब्द, कॉम्प्युटरला दोन. नऊपैकी तीन अकाउंटवर दुसरा प्रकार होता, म्हणून ते आधीच्या शोधात आले नव्हते. आमच्या एका सहकाऱ्याने सुचवलं की न दिसणारं अक्षर असलं की सरळ स्पॅम धरू. इंग्रजीत ते कदाचित चालतं, कारण तिथे अशी अक्षरं बहुतेक लपवाछपवीसाठीच घातलेली असतात, पण मराठीत "दुसऱ्या", "साऱ्या" लिहिणारा साधा माणूस पकडला गेला असता. म्हणून आम्ही ते अक्षर काढून टाकतो आणि ऱ ला र करतो, पण फक्त जुळवणीच्या प्रतीत, मूळ मेसेजला हात लावत नाही.

मग त्या साफ केलेल्या मजकुराचे लागोपाठच्या तीन तीन शब्दांचे तुकडे करायचे आणि दोन मेसेजमध्ये किती तुकडे सारखे आहेत ते बघायचं. "प्रोफाइल बघत" च्या जागी "फोटो बघत" केलं तर दोन-तीन तुकडे बदलतात, बाकीचे तसेच राहतात. सगळ्या मेसेजची सगळ्यांशी तुलना परवडत नाही, त्यासाठी मिनहॅश नावाची पद्धत आहे, आंद्रेई ब्रोडर यांनी 1997 मध्ये अल्टाव्हिस्टा सर्च इंजिनसाठी सारखी वेबपानं ओळखायला मांडलेली. त्यातून सारख्या मेसेजच्या प्रत्येक गटाला एक ओळख मिळते आणि मोजणी अकाउंटची न होता त्या गटाची होते. रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये ती मोजणी अशी दिसते, यात 7c1e ही एका गटाची ओळख.

```
SADD   fp:7c1e:to    <recipient_id>
SADD   fp:7c1e:from  <sender_id>
EXPIRE fp:7c1e:to    1209600
EXPIRE fp:7c1e:from  1209600
SCARD  fp:7c1e:to
SCARD  fp:7c1e:from
```

हा मजकूर किती वेगळ्या माणसांना गेला आणि किती वेगळ्या अकाउंटवरून गेला, एवढंच. शेवटच्या मेसेजपासून 14 दिवस ही नोंद राहते, त्यामुळे रोज सहा सहा पाठवणाराही जमा होत जातो. जुना डेटा यातून चालवून बघितला तेव्हा ताईवाली टोळी पहिल्याच दिवशी दिसली, नऊ अकाउंटचे सहा सहा मिळून 54. ताईला मेसेज आला होता पाचव्या दिवशी. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण नुसत्या आकड्यावर अडवणं चूक आहे, हेही सांगतो. "हाय, कशी आहेस" हजारो लोक पाठवतात, म्हणून आठ शब्दांपेक्षा छोटे मेसेज आम्ही मोजतच नाही. शिवाय कितीतरी सरळ मुलं स्वतःची ओळख एकदा नीट लिहून सगळ्या मॅचना पेस्ट करतात, त्यात गुन्हा काय? तिथे पाठवणारं अकाउंट एकच असतं, तर वेग फक्त कमी करतो. नेटवर गाजलेली एखादी ओळ मात्र अनेक अकाउंटवरून येते आणि टोळीसारखीच दिसते. तिथे तिसरी खूण बघतो, पुढच्या दहा-पंधरा मेसेजमध्ये नंबर मागून बाहेर नेतोय का. ती जुळली तर मेसेज थांबवून माणसाकडे तपासायला जातो, आपोआप बंदी नाही.

यानंतर खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. नऊ अकाउंट बंद केली, पण ज्यांना मेसेज गेला ते तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर पोचले होते, तिथे आमचा काही इलाज नाही. मी म्हटलं सगळ्या 648 जणींना आणि आधीच्या 20 जणींना कळवा. साहेब म्हणाले लोक घाबरतील, अ‍ॅप काढून टाकतील. मी ताईचा हिशोब त्यांच्यासमोर ठेवला. दोन दिवसांनी सूचना गेली. चौघींनी उलट कळवलं की आम्हीही पैसे दिलेत, आणि एकीने लिहिलं की ती उद्याच भरणार होती.

तुमच्या हातात काय आहे ते आता ताईच्याच शब्दात, "मेसेजमधून माझं नाव काढलं नं, तर त्यात माझं काहीच उरत नव्हतं रे." तू लिहिलेलं वाचून बरं वाटलं म्हणतो, पण काय वाचलं ते सांगत नाही. तिच्या प्रोफाइलवर फुटाळ्याचा फोटो होता, त्याला विचारायचं होतं की हा कुठला तलाव. असा एखादा प्रश्न विचारा आणि उत्तर टाळून तो परत स्वतःच्या दुःखाकडे वळतो का ते बघा. आणि संशय आला की आधी स्क्रीनशॉट, मग अ‍ॅपमधून रिपोर्ट, मगच अनमॅच. बऱ्याच अ‍ॅपमध्ये अनमॅच केलं की चॅट तुमच्या बाजूने गायब होतं. ताईने रागाने आधी अनमॅच केलं होतं, सर्व्हरवर ते चॅट अजून शिल्लक होतं म्हणून पोलिसांना देता आलं.

मागच्या आठवड्यात तो मेसेज परत आला, या वेळी रोमन अक्षरात, "aai gelyapasun dusrya konashi" असा. आमच्या जुळवणीत तो बसला नाही, कारण ती देवनागरीवर चालते, आणि रोमनमध्ये तर एकच मराठी शब्द प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने लिहितो. वर्ध्याच्या एका मुलीने रिपोर्ट केलं म्हणून कळलं. तोवर तो 31 जणींना गेला होता, त्या सगळ्यांना त्याच संध्याकाळी सूचना पाठवली.