चिऱ्याच्या घरात पुस्तकांची खोली: एक पावसाळा काढल्यानंतर

गुहागरच्या घरी पुस्तकांची खोली लावून आता दहा महिने होतील. डिसेंबरात मांडणी झाली आणि सप्टेंबरपर्यंतचा पाऊस तिने पाहिला, म्हणून आता लिहिते. कोकणात पावसाळ्याआधी दिलेल्या मताला काही अर्थ नसतो.

पुस्तकं साधारण बाराशे. मुंबईत ती चार फुटी रेडिमेड कपाटात होती, भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या. इकडे आणताना एका फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बघितला. मध्यभागी फळी दोऱ्यापासून चौदा मिलिमीटर खाली! आमचे सुतार हसले. "काकी, चार फूट फळी ठेवलीत की झोळी होणारच. अठ्ठावीस इंचांच्या वर जाऊ नका."

मला आधी तो हट्ट वाटला, कारण जास्त उभ्या फळ्या म्हणजे जास्त खर्च. पण हिशोब त्यांच्याच बाजूने आहे. सारख्याच भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर मधला झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून अठ्ठेचाळीस इंचांवरून अठ्ठावीसवर आलं, की त्याच जाडीच्या त्याच फळीचा झोल जवळजवळ आठपट कमी. पुस्तकांचं वजनही आपण कमी धरतो. एक फूट फळी भरली की आठ-दहा किलो सहज होतात, आणि गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक असले तर त्याहून जास्त.

मग मोजणी केली. सरासरी जाडी अडीच सेंटिमीटर धरली तर बाराशे पुस्तकांना तीस मीटर, म्हणजे जवळजवळ शंभर फूट फळी लागते. वाढीला थोडी जागा ठेवून एकशे बारा. अठ्ठावीस इंच रुंद, सहा फळ्यांचे आठ खण. अठरा मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय घेतलं आणि प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला खालून सागाची दीड इंची पट्टी मारली. ती दिसायला बरी, पण खरं काम फळीला ताठ ठेवण्याचं. परवा पुन्हा दोरा लावला, तर मिलिमीटरभरही फरक नाही.

आता माझी चूक. सात खण आतल्या, माजघराकडच्या भिंतीला, भिंतीपासून अडीच इंच पुढे. आठवा मात्र पश्चिमेच्या भिंतीला, आणि दार नीट उघडावं म्हणून जेमतेम अर्धा इंच सोडून. चिरा पाणी पितो हे लहानपणापासून माहीत असून! जुलैत झड लागली, आणि एक दिवस त्या खणाच्या तळच्या फळीतून मातीच्या मडक्यासारखा वास आला. पुस्तकं पुढून स्वच्छ होती. बाहेर काढली तर भिंतीकडच्या कडेवर पिठासारखे पांढरे ठिपके, बोटाने पुसले जाणारे. छोटा आर्द्रतामापक खोलीत शहात्तर दाखवत होता, तोच खणामागे सरकवला तर चौऱ्याऐंशी. सत्तरच्या वर आकडा दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरणारच.

ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरला, त्याने डाग कागदात मुरतो. उघडीप मिळाली तेव्हा पडवीत सावलीत पुस्तकं उभी उघडून ठेवली आणि पूर्ण सुकल्यावर, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडली. बाकीच्या खणांच्या पाठचं प्लाय काढून टाकलं, खोलीत पंखा दिवसभर मंद ठेवला. पुस्तकं आता ठासून भरत नाही. बोट सहज जाईल एवढी जागा असली म्हणजे लॅमिनेशनची कव्हरं एकमेकांना चिकटत नाहीत. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या आहेत, पण त्या बुरशीला काही करत नाहीत.

खुर्चीचं थोडक्यात. वडिलांची लांब हातांची आरामखुर्ची आधी ठेवली होती. ती झोपेची खुर्ची आहे: मान मागे जाते, पुस्तक डोळ्यांसमोर धरून ठेवावं लागतं, पंधरा मिनिटांत दंड भरून येतात. शेवटी वेताची बैठक असलेली, पाठ थोडीच कललेली खुर्ची करून घेतली. बैठक जमिनीपासून सतरा इंच, हात बैठकीपासून आठ इंच वर, म्हणजे कोपर टेकून पुस्तक आपोआप छातीसमोर येतं. खिडकी डाव्या खांद्यामागे, उत्तरेची. पावसात वेत थोडा सैल पडतो, ऊन आलं की पुन्हा ताणतो. फोमची उशी मात्र जूनमध्येच कुबट झाली, आता कापसाची आहे.

आठवा खण हलवला नाही. त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात, आणि त्याची चौदा फूट पुस्तकं अजून पलंगाखालच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत.