दोन स्लिटचा पॅटर्न: थेट इंटिग्रेशननं काढावा की सरकवलेल्या पल्सनं?

दर सेमिस्टरला विश्रामबागच्या माझ्या खोलीत हा प्रश्न येतो. यंदा तासगावहून येणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलीनं विचारला, "सर, डबल स्लिटची डेरिव्हेशन दोन प्रकारे दिली आहे. कुठली पक्की करू?" तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण सांगली-मिरजेच्या मुलांचा घोटाळा नेहमी एकाच जागी होतो.

दोन्ही वाटा एकाच सूत्राशी पोचतात. स्लिटची रुंदी `a`, दोन स्लिटच्या मध्यांमधलं अंतर `d`, आणि `u = sinθ/λ` धरलं, तर तीव्रता `sinc²(au)·cos²(πud)` च्या प्रमाणात असते. इथं `sinc(z)` म्हणजे `sin(πz)/(πz)`. दाट फ्रिंजा कोसाइनच्या आणि त्यांच्यावर पसरलेलं रुंद आवरण एकट्या स्लिटचं.

पहिल्या वाटेत स्लिटचा प्रत्येक बिंदू तरंग सोडतो असं धरायचं आणि बेरीज करायची. एक इंटिग्रल `-d/2-a/2` ते `-d/2+a/2`, दुसरं `d/2-a/2` ते `d/2+a/2`. चार मर्यादा घातल्या की चार घातांकी पदं मिळतात. ती जोडीजोडीनं बांधली की सायन आणि कोसाइन बाहेर येतात. बरोबर आहे, पण कोसाइन कुठून आला आणि सायन कुठून, हे त्या चार पदांच्या गर्दीत दिसत नाही. ओळी पाठ करणारा मुलगा नेमका इथंच `a` आणि `d` ची अदलाबदल करतो.

दुसऱ्या वाटेत स्लिट म्हणजे चौकोनी पल्स: उघड्या भागात १, बाकी सगळीकडे ०. मध्यावर ठेवलेल्या एका पल्सचं फूरिए ट्रान्सफॉर्म `a·sinc(au)`. पल्स `d/2` नं उजवीकडे सरकवली तर ट्रान्सफॉर्मचा आकार तोच राहतो, फक्त त्याला `e^(-iπud)` नं गुणलं जातं. डावीकडे सरकवली तर `e^(+iπud)` नं. मग

`F(u) = a·sinc(au)·[e^(-iπud) + e^(iπud)] = 2a·sinc(au)·cos(πud)`

एका ओळीत संपलं. शिवाय प्रत्येक तुकडा कुठून आला ते समोर दिसतं: रुंदीमुळे `sinc`, सरकवण्यामुळे कोसाइन. माझा कल या वाटेकडे आहे, आणि तो केवळ ओळी वाचतात म्हणून नाही.

आकडे घालून बघू. लाल डायोड लेसर ६५० नॅनोमीटर, `a` ०.१ मिमी, `d` ०.४ मिमी, स्लिटपासून पडद्याचं अंतर `L` २ मीटर. फ्रिंजांमधलं अंतर `λL/d`, म्हणजे ३.२५ मिमी. आवरण पहिल्यांदा शून्य होतं `λL/a` वर, म्हणजे १३ मिमीवर. १३ मिमी हीच चौथ्या फ्रिंजची जागा, त्यामुळे चौथी फ्रिंज गायब होते आणि मधल्या भागात ७ उजळ फ्रिंजा उरतात. मधलीची तीव्रता १ धरली तर पहिलीची ०.८१, दुसरीची ०.४१ आणि तिसरीची अवघी ०.०९. मोजताना तिसरी इतकी फिकट असते की खोलीत अंधार नसला तर मुलं ती सोडून देतात, आणि मग आवरणाची कड चुकीच्या ठिकाणी धरतात.

पल्सच्या वाटेतली खरी ठेच वेगळी आहे. `cos(πud)` हा आयाम आहे, त्याचं आवर्तन `2/d`. वर्ग केल्यावर तीव्रतेचं आवर्तन `1/d` होतं. हे विसरलं की फ्रिंजांमधलं अंतर ६.५ मिमी येतं, दुप्पट. उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं तर आधी वर्ग करायचा राहिला का ते बघा. दुसरी ठेच संगणकावरची: `np.sinc` मध्ये `π` आधीच असतो, आपण पुन्हा घातला की आवरण तीनपटीहून अरुंद होतं.

```python
u = x/(lam*L)
I = (np.sinc(a*u)*np.cos(np.pi*d*u))**2
```

आता प्रश्न जरा बदलून बघा, म्हणजे कुठली वाट किती पुढं नेते ते कळेल. एका स्लिटवर ६५० नॅनोमीटर जाडीचा, १.५ अपवर्तनांकाचा पारदर्शक पापुद्रा बसवला. त्यातून जाणारा तरंग अर्ध्या तरंगलांबीनं मागं पडतो. पल्सच्या वाटेत एका पदाला फक्त उणे चिन्ह लागतं आणि कोसाइनच्या जागी सायन येतो. `sinc` ला कुणी हात लावलेला नाही, म्हणून आवरण जागच्या जागी राहतं आणि फ्रिंजा त्याच्याखालून अर्ध्या घरानं सरकतात. मध्यावर काळोख येतो, आणि १३ मिमीच्या आतल्या उजळ फ्रिंजा ७ च्या ८ होतात. चार मर्यादांच्या इंटिग्रलमधूनही हेच निघतं, पण सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं.

एका स्लिटमधून निम्माच आयाम येत असेल तर कंसातल्या एका पदाला ०.५ नं गुणायचं. काळ्या पट्ट्या पूर्ण काळ्या राहत नाहीत, फ्रिंजांची स्पष्टता ०.८ वर येते. मात्र स्लिटच्या रुंदीच वेगळ्या असल्या तर `sinc` सामायिक काढता येत नाही आणि "आवरणाखालचा कोसाइन" हे वर्णनच लागू राहत नाही. हाताने ब्लेडनं कापलेल्या स्लिटमध्ये हे सर्रास होतं.

मग इंटिग्रेशनची वाट कुठं सरस? पडदा जवळ असताना. घरी प्रयोग करणारे लेसर, स्लिट आणि भिंत एकाच टेबलावर बसवतात. वरच्याच स्लिटसमोर पडदा ५० सेंटीमीटरवर आणा. फ्रिंजांमधलं अंतर ०.८१ मिमी होतं आणि कोसाइन तसाच टिकतो. पण आता प्रत्येक स्लिटचं आवरण त्या त्या स्लिटसमोर मध्यावर बसतं, म्हणजे दोन आवरणं एकमेकांपासून ०.४ मिमी बाजूला. उजवीकडे एकाचं शून्य ३.०५ मिमीवर, दुसऱ्याचं ३.४५ वर. २ मीटरवरही हे ०.४ मिमी होतंच, पण ३.२५ मिमीच्या फ्रिंजपुढं ते नगण्य होतं, आता ते अर्ध्या फ्रिंजएवढं आहे. दोन तरंगांचे आयाम सारखे न राहिल्यानं तिसऱ्या उजळ फ्रिंजच्या बाहेरची काळी पट्टी पूर्ण काळी होत नाही. तिथं तिसऱ्या फ्रिंजच्या सुमारे १६ व्या हिश्श्याएवढा उजेड उरतो. साध्या ट्रान्सफॉर्मला हे दिसत नाही, कारण तो पडदा खूप दूर मानूनच सुरू होतो. थेट बेरजेत अंतर खरं घालता येतं.

स्लिटनंतर बहिर्गोल भिंग ठेवून त्याच्या नाभीय प्रतलात पडदा लावला तर ही अडचण जाते, आणि सूत्रात `L` च्या जागी नाभीय अंतर येतं.

तिला मी सांगितलं ते असं: पेपरात "इंटिग्रेट करून काढा" असं स्पष्ट लिहिलं असेल तर चार मर्यादा लिही, पण शेवटचं उत्तर पल्सच्या एका ओळीनं ताडून बघ. बाकी सगळीकडे, म्हणजे प्रोजेक्टमध्ये, व्हायव्हात, तीन स्लिट किंवा ग्रेटिंग आलं तर, पल्सच. तिथं कंसात आणखी पदं वाढतात, `sinc` मात्र तसाच बाहेर उभा असतो. तिनं वहीत तीन स्लिटचा कंस तिथंच लिहून काढला, `1 + 2cos(2πud)`, आणि मुख्य फ्रिंजांच्या मधली बारकी शिखरं कुठं येतील ते विचारायला लागली.