जड वस्तू आधी पडते? हा समज बदलायचे दोन मार्ग, आणि आधी कोणता घ्यावा

दहावीच्या विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मुक्त पतन शिकवायला हातात जेमतेम दोन तास असतात. वर्गात विचारा, "एक किलोची आणि पाच किलोची गुळाची ढेप एकाच उंचीवरून सोडली तर आधी कोणती पडेल?" सांगली जिल्ह्यातल्या माझ्या वर्गात दरवर्षी बहुतेक हात पाच किलोकडे जातात. ज्यांनी धडा आधी वाचलेला असतो, ती मुलं "दोन्ही एकदम" म्हणतात, पण का ते विचारलं की गप्प होतात.

हे दोन तास कसे वापरायचे, हा खरा प्रश्न आहे. एक मार्ग असा की मुलांकडून अंदाज घ्यायचा, प्रयोग दाखवायचा आणि समजाला धक्का द्यायचा. दुसरा असा की मुलांना आधीच पटलेल्या एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करून, एकेक पायरीने त्यांच्याच तर्कातून त्यांना उत्तरापर्यंत आणायचं. मी दोन्ही करून पाहिले आहेत. निवड करणाऱ्यासाठी दोन्हींतला फरक इथे मांडते.

आधी समज कसा आहे ते नीट पाहू. एकदा एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते असं तुम्हीच सांगितलंत ना? मग ती आधी नको का पडायला?" तिचा अर्धा विचार शंभर टक्के बरोबर होता. एक किलोच्या ढेपेवर सुमारे ९.८ न्यूटन बल असतं, पाच किलोच्या ढेपेवर ४९ न्यूटन. तिच्याकडून एवढंच सुटलं होतं की पाच किलोला वेग द्यायलाही पाचपट बल लागतं. जास्त ओढ आणि जास्त जडत्व एकमेकांना फेडून टाकतात, त्वरण तेवढंच राहतं. शिवाय पान आणि दगड एकत्र पडत नाहीत, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे आपल्याला एक चुकीचं वाक्य पुसायचं नसतं. मुलांच्या मनात दोन खऱ्या गोष्टी असतात आणि तिसरी नसते, ती तिथे नेऊन बसवायची असते.

धक्क्याचा मार्ग

याची पद्धत ठरलेली आहे: अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण. मुलांनी आधी अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. मग प्रयोग पाहायचा आणि बोलण्याआधी जे दिसलं ते लिहायचं. शेवटी दोन्हींचा मेळ घालायचा. लिहून घेणं टाळू नका. तोंडी अंदाज घेतला तर प्रयोग झाल्यावर अर्धा वर्ग "मला माहीतच होतं" म्हणतो.

यामागचा विचार १९८२ मध्ये पोझनर, स्ट्राइक, ह्यूसन आणि गर्टझोग यांनी मांडला. माणूस जुनी कल्पना सोडतो तेव्हा त्याला चार गोष्टी लागतात: जुनीबद्दल असमाधान वाटायला हवं, नवी कळायला हवी, ती खरी असू शकेल असं वाटायला हवं, आणि तिचा पुढे उपयोग दिसायला हवा. प्रयोगाचा धक्का यातली पहिली गोष्ट देतो. बाकीच्या तीन तो आपोआप देत नाही, आणि अडतं ते तिथेच.

त्याआधी प्रयोगच फसतो. आमच्याकडे पूर्वी क्रिकेटचा आणि टेनिसचा चेंडू घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायची पद्धत होती. उंच गेलं की फरक नाही हे ठळक दिसेल, असं वाटायचं. होतं उलटंच. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा आणि टेनिसचा ५८ ग्रॅमचा, आकार जवळपास सारखे. हवेचा विरोध दोघांना जवळपास सारखाच होतो, पण हलक्या चेंडूला तो जास्त मागे खेचतो. २ मीटरवरून सोडले तर माझ्या हिशोबाने टेनिसचा चेंडू सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागे राहतो, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण ही तफावत उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची चौपट केली की तफावत सोळापट होते, म्हणून ८ मीटरवर ती जवळजवळ वीतभर होते. जड चेंडू खरोखरच आधी पडतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि त्यांचा समज आणखी पक्का होतो.

कमी उंचीवरून सोडल्यावर दुसरी अडचण हाताची येते. २ मीटर पडायला सुमारे ०.६४ सेकंद लागतात आणि जमिनीजवळ वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर असतो. दोन हातांनी सोडताना तीन शतांश सेकंदाचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने खाली पुन्हा वीतभर अंतर दिसतं. म्हणून हाताने सोडूच नका. बिजागरी लावलेली फळी घ्या, दोन्ही चेंडू तिच्या मोकळ्या कडेजवळ ठेवा आणि फळी झटक्यात खाली ओढा. खाली पत्र्याचा तुकडा अंथरा. डोळे फसतात, कान कमी फसतात. "ठण" एकदाच वाजला की "ठ-ठण" असा दुहेरी, हे मागच्या बाकावरही कळतं.

एवढं करूनही काहींना जड चेंडूच आधी "दिसतो". गन्स्टन आणि व्हाइट यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांबाबत हेच नोंदवलं. काहींनी जे होईल असं म्हटलं होतं, तेच पाहिल्याचं सांगितलं. तिथे हे होत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाला दोष का द्यायचा?

यावर अनेक जण चंद्राचा व्हिडिओ दाखवतात. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम खाली आलं. व्हिडिओ सुरेख आहे, पण माझ्या वर्गात त्यावर लगेच उत्तर येतं: "तिथे गुरुत्वाकर्षणच नाही ना." गुरुत्वाकर्षण नसतं तर हातोडा खाली आलाच नसता, हे मुलांना सुचत नाही. त्यांनी पुरावा नाकारलेला नसतो. तो जुन्या कल्पनेत बसेल असा वळवून घेतलेला असतो. म्हणून हा व्हिडिओ आधी दाखवू नये, शेवटी दाखवावा.

पायऱ्यांचा मार्ग

इथे सुरुवात मुलांना आधीच मान्य असलेल्या गोष्टीपासून होते. आमच्या भागात विहिरीत पोहायला जाणारी मुलं वर्गात असतातच. मी विचारते: अगदी सारख्या वजनाच्या दोन मित्रांनी काठावरून एकाच वेळी पाऊल टाकलं, तर पाण्यात आधी कोण? "दोघं एकदम." याला कुणी विरोध करत नाही. आता दोघांनी खाली येताना एकमेकांचा हात नुसता धरला. वेग वाढला का? बहुतेक "नाही" म्हणतात. मग हात घट्ट धरला. मग दोघांना एका पंच्याने बांधलं. आता हे दोघं मिळून दुप्पट वजनाचं एकच ओझं झालं. हात धरल्याने वेग वाढला नाही, तर पंच्याने बांधल्याने का वाढावा? वर्गात शांतता पसरते. ही शांतता प्रयोगानंतरच्या गडबडीपेक्षा मला मोलाची वाटते.

पुढे जाड आणि बारीक मित्र घ्या. जाडा वेगाने पडतो असं धरलं, तर हात धरल्यावर बारीक त्याला मागे ओढेल, म्हणजे जोडी जाड्यापेक्षा हळू पडेल. पण जोडीचं वजन तर जाड्याहून जास्त आहे, मग ती जास्त वेगाने पडायला हवी. एकाच समजातून दोन उलटी उत्तरं निघतात. हा युक्तिवाद गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात दोन दगडांच्या उदाहरणाने मांडला आहे. (मुलांना बजावून सांगा की हे डोक्यातच करून पाहायचं आहे, विहिरीवर नाही.)

पण विसंगती दाखवली म्हणजे कारण दिलं असं होत नाही. ते देण्यासाठी मी उसाच्या ट्रॉल्या आणते. एका ट्रॅक्टरला उसाने भरलेली एक ट्रॉली, आणि दोन ट्रॅक्टरना तशाच दोन. ओढ दुप्पट, ओझं दुप्पट. कोण लवकर वेग धरेल? "सारखंच." आता फळ्यावर दोन ढेपा काढा, एकीखाली ९.८ आणि दुसरीखाली ४९ लिहा आणि किलोने भागायला सांगा. दोन्हीकडे ९.८ येतं. ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता, तिला तिचा अर्धा विचार इथे परत मिळतो आणि उरलेला अर्धा त्याला जोडला जातो.

या मार्गाचाही दोष आहे. तो वेळ खातो, आणि चर्चा चार हुशार मुलांच्या हातात जाते. बाकीची मान डोलावतात. म्हणून प्रत्येक पायरीला सगळ्यांकडून वहीत "वाढेल, कमी होईल, तेवढाच" यांपैकी एक लिहून घ्यावं लागतं. साठच्या वर्गात हे दमवणारं आहे. शिवाय काही मुलं म्हणतात, "हे बोलण्यात ठीक आहे, पण खरंच तसं होतं का?" त्यांचं बरोबरच आहे. तिथे फळी आणि पत्रा हवाच.

तिसरा, छोटा मार्ग म्हणजे खंडन करणारा मजकूर. "अनेकांना वाटतं की जड वस्तू आधी पडते. हे बरोबर नाही, कारण..." असा एक परिच्छेद घरी वाचायला द्यायचा. तो पाठ्यपुस्तकातल्या साध्या विधानापेक्षा बरा, कारण त्यात चुकीचा समज नाव घेऊन समोर ठेवलेला असतो. एकट्याने तो पुरा पडत नाही, पण गैरहजर मुलांसाठी नक्की ठेवा.

मग आधी काय?

दोन तास असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी पायऱ्या, मग धक्का. पहिल्या तासाच्या सुरुवातीला अंदाज लिहून घ्या, मग विहीर आणि ट्रॉली. दुसऱ्या तासाला फळी-पत्र्याचा प्रयोग, त्यानंतर कागदाचा: एक कागद सपाट, दुसरा तसाच बोळा केलेला. वजन तेच, तरी बोळा आधी पडतो, म्हणजे इथे फरक वजनाने पडलेला नाही. शेवटी चंद्र. या क्रमाने गेलं की प्रयोगातलं "ठण" मुलांना आपल्या तर्काची साक्ष वाटते, मॅडमची जादू वाटत नाही.

एकच तास असेल तर मी प्रयोग सोडेन, ट्रॉली सोडणार नाही. याला एक अपवाद आहे. वर्ग बोलायला फार बुजरा असेल किंवा तुम्ही त्यांना नवीन असाल, तर प्रयोगाने सुरुवात करा, कारण न बोलणारा वर्ग पायऱ्या चढत नाही. मात्र मग दहा मिनिटं ट्रॉलीसाठी राखून ठेवा.

कोणता मार्ग लागू पडला, हे त्याच आठवड्यात कळत नाही. तीन आठवड्यांनी ढेपेचा प्रश्न तीन भागांत विचारा: ओढ कोणावर जास्त, आधी कोण पडेल, का. नुसता धक्का दिलेल्या वर्गात मला वारंवार "ओढ दोन्हीवर सारखी, म्हणून दोन्ही एकदम" हे उत्तर मिळालं. त्यातला पतनाचा भाग बरोबर आहे, पण त्यासोबत एक नवा गैरसमज तयार झाला आहे, आणि वजनाचा पुढचा भाग तो बिघडवणार. दुसरं धोक्याचं उत्तर म्हणजे "सगळ्या वस्तू नेहमी एकदम पडतात". ते लिहिणाऱ्याला सपाट कागदाबद्दल विचारा. पायऱ्यांच्या वर्गातही जुना समज पूर्ण जात नाही. घाईच्या बहुपर्यायी प्रश्नात तो परत डोकं वर काढतो. पण "का" लिहायला जागा दिली, तर "पाचपट ओढ आहे, पण हलवायलाही पाचपट जड" असं लिहिणारी मुलं तिथे जास्त सापडतात. गेल्या वर्षी एकाने त्याखाली दोन ट्रॅक्टर काढले होते आणि शेजारी लिहिलं होतं: "कागद सपाट असेल तर हे लागू नाही, हवा मोजावी लागेल."