बॅटरी बदलताना गाडीची स्मृती राखावी की तिला नव्याने शिकवावे?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांच्या 2008 च्या होंडा सिव्हिकची बॅटरी गेल्या हिवाळ्यात बदलायची होती, तेव्हा दोन मार्ग समोर होते. पहिला म्हणजे केबल सरळ काढून नवी बॅटरी बसवायची आणि गाडी जे विसरेल ते तिला पुन्हा शिकवायचे. दुसरा म्हणजे मेमरी सेव्हर लावून, बॅटरी बाहेर असतानाही गाडीला बारीक वीजपुरवठा चालू ठेवायचा.

पहिल्या मार्गात गाडी मुख्यतः तीन गोष्टी विसरते. रेडिओच्या पडद्यावर CODE असे उमटते आणि चोरीप्रतिबंधक आकडा दिल्याशिवाय तो बोलत नाही. चालकाच्या बाजूची काच एका स्पर्शात वर जात नाही. इंजिनाच्या संगणकाने, आत जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी लक्षात घेऊन आयडलिंगसाठी हवेचा जो हिशेब बसवलेला असतो, तोही पुसला जाऊ शकतो, आणि मग सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरते किंवा एसी लावताच बंद पडते.

यातील रेडिओची धास्ती सर्वांत मोठी असली, तरी खबरदारी घेतली तर ती सर्वांत लवकर दूर होते. केबल काढण्याआधी किल्ली फिरवून, रेडिओ बंद ठेवून 1 आणि 6 ही बटणे एकत्र दाबून धरावीत आणि रेडिओचे बटण दाबावे. पडद्यावर U आणि L या अक्षरांनी सुरू होणारे आकडे येतात, तो त्याचा अनुक्रमांक. तो आणि गाडीचा चॅसिस क्रमांक दिल्यावर कंपनीकडून कोड मिळतो. मेहुण्यांनी हे न करता आठवणीतले आकडे एकामागून एक घातले. दहा चुका झाल्या की रेडिओ कुलूपबंद होतो आणि तो चालू ठेवून एक तास थांबावे लागते, हे त्यांना त्या थंडीत गाडीत बसून कळले.

काचेचे काम मिनिटाचे आहे. इंजिन सुरू करून बटण खाली दाबून धरत काच पूर्ण उघडावी, मग बटण वर ओढून धरत ती पूर्ण मिटवावी आणि मिटल्यावरही दोन सेकंद बटण सोडू नये.

आयडलिंगला धीर लागतो. दिवे, पंखा, एसी, रेडिओ सारे बंद ठेवून किल्ली चालू करावी, दोन सेकंद थांबून इंजिन सुरू करावे आणि गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत 3000 आरपीएमवर धरावे. त्यानंतर ॲक्सिलरेटरला पाय न लावता पाच मिनिटे चालू द्यावे. मध्येच पंखा फिरला तर तो वेळ पाच मिनिटांत मोजू नये. काटा 700 च्या आसपास स्थिरावला की काम झाले. तरीही तो खालीवर होत राहिला, तर थ्रॉटल बॉडी घाण आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे असे समजावे. पुन्हा पुन्हा शिकवून ते दुरुस्त होत नाही.

मेमरी सेव्हरने हा सारा खटाटोप वाचतो, पण तो कुठे जोडायचा हे महत्त्वाचे आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये किल्ली बंद असताना वीज नसते, म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासणीचे यंत्र लावतो तिथे, जोडणारा, 12 व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालणारा घ्यावा. 9 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरचे मला भरवशाचे वाटत नाहीत, कारण दार उघडे राहून आतला दिवा लागला तरी त्यांचा दम सुटतो. आणखी एक धोका असा की, बॅटरी काढल्यावरही पॉझिटिव्ह केबलचे टोक जिवंत राहते आणि ते बॉनेटखालच्या लोखंडाला टेकले की फ्यूज उडतो व जपलेले सारे एका क्षणात जाते. म्हणून निगेटिव्ह आधी सोडून, मग पॉझिटिव्ह सोडताच तिचे टोक जाड रबरी हातमोज्यात गुंडाळून बाजूला बांधावे.

रेडिओचा कोड हाती असेल, तर मी पहिला मार्ग निवडेन. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यायची असेल तर तोच योग्य आहे, कारण साफसफाईनंतर काजळीचा जुना हिशेब तसाही चुकतो. बॅटरी पूर्ण मरून दिवस उलटले असतील, तर राखण्यासारखे काही उरलेलेच नसते.

मेमरी सेव्हरची खरी गरज मला एकाच प्रसंगी वाटते, आणि मेहुण्यांच्या बाबतीत नेमका तोच होता. न्यू जर्सीच्या तपासणीत ओबीडी सॉकेटमधून संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाही हे वाचतात. केबल काढली की त्या शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला काही दिवस वेगवेगळ्या वेगाने गाडी चालवावी लागते. त्यांची तपासणी चार दिवसांवर होती आणि मेमरी सेव्हर तर लावला नव्हता, म्हणून त्यांनी बॅटरी बदलल्यानंतर तारीख पुढे ढकलली आणि तोवर रोज महामार्गावरून कामावर गेले. आपल्याकडे पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नळीतून येणारा वायू मोजतात, त्यामुळे पुण्यात हीच गाडी असती, तर आयडलिंग स्थिर झाल्याची खात्री करून दुसऱ्याच दिवशी तपासणीला नेता आली असती.