खोका आमचा, आतली एसएसडी दुसऱ्याचीच : 19,824 रुपयांचा फटका

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने हे वाचावं. माझे 19,824 रुपये गेले आणि ज्याने ते नेले तो आजही उजळ माथ्याने गावात फिरतोय.

गिऱ्हाईक असेंबलीचं काम करणारा, तोंडओळखीचा. त्याने 1 टीबीच्या पाच एसएसडी घेतल्या, जीएसटीसह प्रत्येकी 7,080 रुपये. मी बिल करत असताना म्हणाला, "शेठ, सिरीयल नंबर टाकत बसू नका, पार्टी खोळंबलीय." तिथेच हात थांबायला हवा होता. पाच नंबर स्कॅन करायला मिनिटही लागत नाही. एवढ्याची घाई कुणाला असते? पण काउंटरवर गर्दी होती, पैसे रोख होते, आणि जीएसटीच्या नियम 46 मध्ये बिलावर काय काय हवं याची यादी आहे, तीत मालाचा सिरीयल नंबर नाही. मी बिल बेकायदेशीर केलेलं नाही. बिलावर फक्त "एसएसडी 1 टीबी, नग 5" एवढंच गेलं.

काही आठवड्यांनी तो तीन एसएसडी घेऊन आला, "डिटेक्ट होत नाहीत." खोके आमचेच होते. खोक्यावरचे नंबर डिस्ट्रिब्यूटरच्या बिलाशी ताडून पाहिले, तिन्ही जुळले. मशीनला लावून पाहिल्या, खरंच मेलेल्या. मी स्टॉकमधून तीन नव्या दिल्या.

मेलेली ड्राइव्ह आपला नंबर सॉफ्टवेअरला सांगत नाही. चालू असती तर आतला नंबर आणि किती तास वापरली हे दोन्ही स्क्रीनवर दिसलं असतं. अशा वेळी पुरावा एकच, ड्राइव्हच्या अंगावरचं बारीक स्टिकर. ते खोक्याशी जुळतंय का, हे आमच्या मुलाने पाहिलं नाही. त्याला दोष देत नाही, अक्षरं इतकी बारीक असतात की चष्मा लावूनही शून्य आणि ओ ओळखू येत नाहीत. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. आणि फोटो गिऱ्हाइकासमोरच काढा.

सर्व्हिस सेंटरने तिन्ही परत पाठवल्या. खोक्याचा नंबर वेगळा, ड्राइव्हचा वेगळा, आणि ड्राइव्हची वॉरंटी केव्हाच संपलेली. म्हणजे आमच्या चांगल्या तीन त्याने ठेवल्या, कुठल्यातरी जुन्या मेलेल्या आमच्या खोक्यांत घातल्या आणि वर आणखी तीन नेल्या. माझी खरेदी प्रत्येकी 5,600, म्हणजे 16,800. सीए म्हणाले, माल गेला म्हणजे त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिटही उलटवावं लागेल, कलम 17(5). ते 3,024.

फोनवर तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या बिलावर नंबर दाखवा."

पोलीस ठाण्यातही हेच वाक्य! अंमलदाराने अर्ज वाचायच्या आधीच "हा दिवाणी मामला आहे" म्हणून सरकवला. माल बदलून देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? वरच्या साहेबांकडे गेलो तर त्यांनी त्याच अंमलदाराकडे परत पाठवलं. ग्राहक हेल्पलाइनने सांगितलं, तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. डिस्ट्रिब्यूटर म्हणाला, आमच्या बिलावर सगळे नंबर आहेत, पुढचं तुम्ही बघा. व्यापारी संघटनेत चहा मिळाला. कर भरताना आम्ही लागतो, चोरी झाली की आम्ही कुणाचेच नाही.

आता स्कॅन झाल्याशिवाय बिल निघत नाही. टॅलीत बॅचच्या जागी सिरीयल नंबर टाकतो, प्रत्येक नंबराला नग एक. त्यामुळे नंबर टाकला की गिऱ्हाईक आणि बिल दोन्ही सापडतं. पण खोक्यावर तीन-चार बारकोड असतात. आमच्या मुलाने पहिल्या दिवशी पाचही नगांना एकच 13 आकडी नंबर लावला. तो मॉडेल ओळखायचा बारकोड, त्या मॉडेलच्या सगळ्या खोक्यांवर सारखाच असतो. दोन नगांना एकच नंबर आला की चुकीचा बारकोड वाचलाय, तिथेच थांबा.

बदली देताना जुना नंबर पुसून त्यावर नवा लिहू नका. जुना आत आला, नवा बाहेर गेला, दोन्ही नोंदी मूळ बिलाखालीच ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी तोच माणूस दोन्ही नग घेऊन येईल. घाईचं गिऱ्हाईक असेल तर बिल उशिरा द्या, बिननंबराचं देऊ नका.

त्या सहाही एसएसडी कंपनीच्या लेखी अस्सल आहेत. उद्या त्यातली एखादी बिघडली तर त्याला वॉरंटी मिळेल. ते नंबर अडवा म्हणून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, पोलिसांचा कागद जोडा.