रांगेतलं महाग तिकीट, रीसेल, की मूळ किंमत?

ओएसिस या ब्रिटिश बँडच्या २०२५ च्या दौऱ्याची तिकिटं निघाली तो शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४. गणपती आठवड्यावर आले होते आणि मी मखराच्या सामानात गुंतलो होतो, म्हणून रांगेत बसलोच नाही. पुढे जे झालं ते बघता फार बिघडलं नाही. तरी इथे ब्रिटनमध्ये मोठ्या कॉन्सर्टला जायचं म्हटलं की प्रश्न तोच राहतो. पहिल्याच दिवशी चढा भाव मोजून मोकळं व्हायचं, नंतर खुल्या रीसेल साइटवरून घ्यायचं, की मूळ किमतीला कुणी परत विकतंय का याची वाट बघायची? मी तिन्ही करून पाहिलंय, वेगवेगळ्या बँडसाठी.

त्या शनिवारी लोक चिडले ते नुसत्या महागाईवर नाही. उभ्याचं जे तिकीट १४८.५० पाउंडांना म्हणून तासन्‌तास रांग लावली, तेच पुढे ‘इन डिमांड’ नावाखाली ३५५.२० पाउंडांना दिसायला लागलं. जागा तीच, मैदान तेच. आणि घ्यायचं की सोडायचं हे ठरवायला हातात काही मिनिटं. सगळ्यांनी याला डायनॅमिक प्रायसिंग म्हटलं, पण स्पर्धा नियामक सीएमएच्या चौकशीत वेगळंच निघालं. क्षणाक्षणाला भाव बदलणारं यंत्र तिथे नव्हतं. उभ्याच्या तिकिटांचे दोन भाव होते. स्वस्त गठ्ठा संपला की महाग गठ्ठा खुला व्हायचा, आणि हे रांगेतल्यांना आधी नीट सांगितलेलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टरनं हमी दिली की असे टप्प्याटप्प्याचे भाव असतील तर चोवीस तास आधी कळवू. म्हणजे आता निदान ‘इतक्याच्या वर नाही’ हा आकडा आदल्या रात्री घरात ठरवता येईल. तो ठरवून बसणाऱ्याला हा मार्ग वाईट नाही. महाग पडतं, पण तिकीट नक्की आपलं असतं.

खुल्या रीसेलचं माझं दुखणं नेमकं तिथेच आहे. शाळेत असताना थिएटरबाहेर ब्लॅकवाला दुप्पट पैसे घ्यायचा, पण तिकीट हातावर ठेवायचा. इथे मी एका साइटवर कार्डिफच्या एका कॉन्सर्टची दोन तिकिटं घेतली, दीडपटीहून जास्त मोजून. शुल्क अगदी शेवटच्या पानावर दिसलं, तेही गिळलं. लेस्टरहून गाडी आणि हॉटेल बुक केलं. तिकिटं मात्र येईनात. ‘कार्यक्रमापूर्वी मिळतील’ एवढंच उत्तर. आली ती त्याच दिवशी दुपारी चारला, स्टेशनवर उभे असताना, आणि दोन वेगळ्या ब्लॉकमधली. विकणाऱ्याकडे पैसे घेताना तिकीट होतं की नाही, देव जाणे. काही लोक आधी विकतात आणि मग शोधायला निघतात. तिकीट आलंच नसतं तर त्याचे पैसे परत मिळाले असते, पण गाडी आणि हॉटेलचे कोण देणार? तेव्हापासून एक खूण बघतो: बसायची जागा विकायला असेल आणि ब्लॉक, रांग काहीच लिहिलेलं नसेल, तर पान बंद करतो. इथल्या कायद्यानं ते लिहायला लागतं. शिवाय ओएसिसनं चढ्या भावानं विकलेली तिकिटं रद्द होतील असं आधीच बजावलं होतं, त्यामुळे धोका दुहेरी.

राहिलं वाट बघणं. ओएसिसनं ट्विकेट्स ही मूळ किमतीची साइट अधिकृत धरली होती. मूळ किंमत अधिक शुल्क, त्यावर काही नाही. कोणाचं बाळंतपण निघतं, कोणाची रजा नाकारली जाते, आणि तिकीट परत येतं. याशिवाय स्टेजची मांडणी पक्की झाली की आयोजकांनी राखून ठेवलेल्या थोड्या जागा शेवटच्या काही दिवसांत सुटतात, त्याही मूळ विक्रेत्याच्याच पानावर. गैरसोय अशी की फोनवर सूचना आली की भाजी करपू द्यावी लागते, कारण पाच मिनिटांनी तिकीट गेलेलं असतं. आणि जोडीनं मिळणं कठीण. चौघांचं कुटुंब असेल तर मी या मार्गाचा आग्रह धरणार नाही, तुम्ही पहिल्या दिवशीची रांगच लावा. एकट्यादुकट्याला मात्र, माझ्यापुरतं सांगायचं तर, हाच मार्ग जमला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या सरकारनं मूळ किमतीच्या वर तिकीट विकण्यावर बंदी आणणार असं जाहीर केलंय. ती आली तर खुला बाजार आपोआप बाद होईल.

मला ओएसिसच्या मँचेस्टरमधल्या हीटन पार्कचं एक तिकीट मिळालं, कॉन्सर्टच्या नऊ दिवस आधी, बसमध्ये असताना. बायकोला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, “एकच?”