ग्वाकामोलेमागे व्हीएम: आरडीपी की व्हीएनसी?

मित्र विचारत होता, घरून काम करणाऱ्यांना ग्वाकामोलेतून व्हीएमचा डेस्कटॉप द्यायचाय, तर गेस्टच्या आतला आरडीपी घेऊ की हायपरव्हायजरचा व्हीएनसी कन्सोल?

सेटअपला व्हीएनसी सोपा, गेस्टमध्ये काहीच टाकायचं नाही. आरडीपीला लिनक्स गेस्टमध्ये एक्सआरडीपी बसवा, 3389 पोर्ट फक्त ग्वाकामोलेच्या गेटवेला उघडा, एवढं करावं लागतं.

पण रोजच्या वापरात आरडीपीच. कनेक्शनमध्ये `resize-method` ला `display-update` दिलं की ब्राउझरची खिडकी लहान-मोठी केली तरी डेस्कटॉप त्या मापात बसतो (गेस्टकडचा सर्व्हर जरा नवा हवा), आवाजही येतो, फक्त एक्सआरडीपीला त्यासाठी आवाजाचं वेगळं मॉड्यूल बसवावं लागतं. कन्सोलवर आवाज विसरा, आणि एकाने लॉगिन ठेवून टॅब बंद केला की पुढच्याला तोच उघडा डेस्कटॉप दिसतो, हे भारीच धोक्याचं.

मात्र गेस्टचं नेटवर्क गेलं किंवा बूट अडकलं की आरडीपी मेला, कन्सोल तेव्हाही दिसतो. म्हणून स्टाफला आरडीपी, कन्सोल फक्त ॲडमिनला.